पत्ता तीन, पत्ता पाच

आमच्या वर्कशॉपमध्ये कुठलाही प्रोग्रॅम चिपमध्ये भरण्याआधी दादा त्यावर एकदा हात फिरवतो. हा त्याचाच शब्द. मी कोड लिहिते, माझ्या लॅपटॉपवर तपासते, फाइल भरणीच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर टाकते. दादा सकाळी चहाचा कप घेऊन तिथे बसतो, फाइल वरपासून खालपर्यंत बघतो, हं हं करतो आणि उठतो. मग वहिनी एकेक बोर्ड प्रोग्रॅमरला, म्हणजे चिपमध्ये कोड उतरवणाऱ्या डबीला, जोडून भरते आणि त्यावर आपल्या गोल अक्षरात तारखेचं स्टिकर चिकटवते. वर्कशॉप खाली, घर वर, आणि माणसं तीन. इतक्या लहान जागेत कोण कोणापासून काय लपवणार, असं मी मोठ्या तोऱ्यात लोकांना सांगायचे.

हात फिरवणं मला कधी खटकलं नाही, कारण हे सगळं मला शिकवलं त्यानेच. मी चौदा वर्षांची होते. दादाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक चिप ठेवली, तिला एक बारका दिवा जोडला आणि म्हणाला, "हे बघ ठमे, मेमरीत एक पत्ता आहे. बाकीच्या पत्त्यांवर आकडा लिहिला की तो नुसता पडून राहतो. या पत्त्यावर लिहिला की थेट पिनांवर उतरतो. आठ बिटं, आठ पिना."

"मग दिवा लावायचा तर?"

"दिवा पाचव्या बिटावर आहे. पाचव्या जागी एक, बाकी सगळीकडे शून्य, असा आकडा घ्यायचा. त्याला म्हणायचं मास्क. आहे त्या आकड्यात हा मास्क मिसळायचा, म्हणजे दिव्याचं बिट तेवढं बदलतं. नुसता मास्क धाडकन लिहिलास तर शेजारच्या सात पिना फुकटच्या बंद होतील."

दिवा लुकलुकला. मी टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून मी त्याच्या मागे शेपटासारखी होते, आणि पुढची सतरा वर्षं या जगात माझ्या भावाइतका हुशार माणूस नाही असं माझं प्रामाणिक मत होतं.

गेल्या वर्षी आम्हाला हॅचरीचं काम मिळालं. अंडी उबवायची चाळीस मशिनं, प्रत्येकात आमचा बोर्ड. काम सोपं. बोर्डावर एक हीटरची पिन, बिट शून्य. एक हिरव्या दिव्याची पिन, बिट पाच. दोन्ही एकाच पोर्टवर, म्हणजे मेमरीतल्या एकाच पत्त्यावर शेजारी शेजारी. सेकंदाला दहा वेळा टायमर मुख्य प्रोग्रॅमला थांबवतो आणि तापमान बघतो. जास्त झालं की हीटरचं बिट शून्य करतो, कमी झालं की एक. याला इंटरप्ट म्हणतात, आणि तो नावाप्रमाणेच मध्ये तोंड घालतो. आणि मुख्य प्रोग्रॅमला एकच उद्योग: दर अर्ध्या सेकंदाने दिवा उलटा करायचा. लुकलुकणारा दिवा म्हणजे मशीन जिवंत. हॅचरीतली माणसं फेरी मारताना फक्त दिवे बघतात.

दिवा उलटा करायची माझी ओळ अशी होती:

PINB = 0x20;

इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण माझी सगळी वाट या ओळीवर लागली. दादाने मला शिकवलेली पद्धत म्हणजे पोर्टचा आकडा वाचायचा, मास्क लावून पाचवं बिट उलटं करायचं, आणि आकडा परत लिहायचा. वाच, उलट, लिही. चिपला त्याला तीन सूचना लागतात. आता समजा, चिपने आकडा वाचला, त्यात हीटर चालू आहे, आणि नेमका तेव्हाच इंटरप्ट आला. त्याने हीटर बंद केला आणि निघून गेला. मुख्य प्रोग्रॅम जिथे होता तिथून पुढे चालू लागतो. त्याच्या हातात जुना आकडा आहे, हीटर चालू असलेला. तो दिव्याचं बिट उलटतो आणि तोच जुना आकडा परत लिहितो. हीटर पुन्हा चालू. इंटरप्टच्या वहीत मात्र तो बंद, म्हणून तो पुन्हा बंद करायला जात नाही.

हे होऊ नये म्हणून आमच्या चिपमध्ये एक सोय आहे. पोर्टचा पत्ता पाच. तिथून दोन घरं अलीकडे, पत्ता तीनवर, पिना वाचायचं रजिस्टर आहे; माझ्या ओळीतलं PINB ते हेच, आणि 0x20 म्हणजे दिव्याचा मास्क. त्या वाचायच्या रजिस्टरवर मास्क लिहिला, तर जिथे एक आहे ती पिन चिप स्वतः उलटी करते, आणि जिथे शून्य आहे तिला हातही लावत नाही. वाचणं नाही, परत लिहिणं नाही, मध्ये कुणी शिरायला फटच नाही. इथे मास्क धाडकन लिहिलेलाच चालतो.

पण दादा ज्या चिपवर वाढला त्या जुन्या चिपमध्ये ही सोय नव्हती. तिथे पत्ता वेगळा असेल, पण हे रजिस्टर निव्वळ वाचायचं. त्यावर काही लिहिलं तरी ढिम्म काही व्हायचं नाही.

मशिनं लागली. दहा-बारा दिवस सगळं छान चाललं. मग एका सकाळी हॅचरीच्या बाईंचा फोन आला. एका मशीनमधली सगळी अंडी शिजली होती. दिवा मात्र हिरवागार, लुकलुकतोय आपला मजेत. बारा-पंधरा दिवसांनी दुसरं मशीन. मग तिसरं.

पहिल्या फोनपासून महिनाभर मी माझा कोड चाळत होते. माझ्या टेबलावरचा बोर्ड मी अहोरात्र चालवला, त्याला हेअर ड्रायरने तापवलं, फ्रीजमध्ये ठेवलं. तो इमानेइतबारे हीटर बंद करत राहिला. जेवण जात नव्हतं. डोळे मिटले की ती अंडी दिसत. परत आलेले पहिले दोन बोर्ड मी मागितले तर दादा म्हणाला, "जळून कोळसा झालेत, भंगारात टाकले. कशाला त्रास करून घेतेस?" वहिनी ताट वाढताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायची. "होतं गं. माणूसच चुकतो. तू काय मुद्दाम केलंस का?"

मी तिच्या कुशीत शिरून रडले होते. हे लिहिताना आता माझी मलाच चीड येते.

शेवटी दादाने एक कागद पुढे केला. हॅचरीवाल्या बाई काम सुरू ठेवायला तयार होत्या, पण त्यांना लेखी हवं होतं, असं तो म्हणाला. कागदावर होतं: दोष प्रोग्रॅममध्ये होता, तो लिहिणारी व्यक्ती मी, मी चूक मान्य करते आणि यापुढे या यंत्रांचा कोड लिहिणार नाही. वरिष्ठ इंजिनिअरांनी दोष शोधून दुरुस्ती केली आहे.

"दोष सापडला?" मी विचारलं.

"साधारण अंदाज आलाय. नवीन बोर्डांमध्ये घेतलंय सांभाळून."

"काय होतं?"

"आता ते उगाळून काय मिळणार? उद्या अकराला बाई येतायत. सही कर आणि मोकळी हो."

या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्या बाई हॅचरीवाल्यांच्या संघटनेत वजनदार. त्या कागदावर सही केली की पुन्हा कोणी माझ्या हातात चिप देणार नव्हतं, आणि मला दुसरं काहीही येत नाही. तरीही मी सही करणार होते. चूक माझी आहे असं मला खरंच वाटत होतं.

दुपारी दादा बाहेर गेला आणि कुरिअरवाला आला. तिसऱ्या मशीनचा बोर्ड. हॅचरीतल्या कुणीतरी दादाची वाट न बघता थेट पाठवून दिला होता. कोळसा वगैरे काही नव्हतं. बोर्ड धडधाकट, वहिनीचं स्टिकरही जागच्या जागी. मी तो प्रोग्रॅमरला लावला आणि चिपमध्ये जे भरलेलं होतं ते परत बाहेर वाचून काढलं. मग त्या आकड्यांच्या सूचना करून घेतल्या आणि दिव्याची जागा शोधली.

माझ्या ओळीच्या दोनच सूचना होतात: मास्क उचल, पत्ता तीनवर लिही. इथे भलतंच होतं. पत्ता पाचवरून वाच. उलट. पत्ता पाचवर लिही.

मी ते पाच-सहा वेळा वाचलं. हा माझा कोड नव्हता. चिपमध्ये दुसऱ्याच कोणाची ओळ बसली होती, आणि ती कोणाची हे मला तिच्या वळणावरून कळलं, जसं ओळखीचं अक्षर कळतं. वाच, उलट, लिही. स्वयंपाकघरातलं टेबल.

मी कागदावर हिशोब मांडला. आमची चिप एक मेगाहर्ट्झवर चालते, एका सूचनेला एक मायक्रोसेकंद. वाचल्यापासून लिहीपर्यंत इंटरप्टला शिरायला दोन मायक्रोसेकंदांची फट, दर अर्ध्या सेकंदात एकदा. म्हणजे अडीच लाखांत एक. एक मशीन दिवसाला पाचशेच्या आसपास वेळा हीटर बंद करतं. चाळीस मशिनं. बारा-तेरा दिवसांत एकदा कुठेतरी ठिणगी पडणारच. तारखा तंतोतंत जुळत होत्या. माझ्या टेबलावर हे कधी झालं नाही, कारण माझ्या टेबलावर माझी ओळ होती.

आणि खरं सांगायचं तर एक ढिलाई माझीही होती. इंटरप्ट हीटर एकदा बंद करायचा आणि तो बंदच आहे असं धरून चालायचा. दर खेपेला पुन्हा बंद केला असता तर दादाची ओळ पचून गेली असती. पण ढिलाई वेगळी आणि शिजलेली अंडी वेगळी.

इथवर मला राग आला नव्हता. वाटलं, दादाने हात फिरवला, वाचायच्या रजिस्टरवर लिहिलेलं बघितलं, पोरगी चुकली असं समजून नीट केलं. त्याच्या जागी जुन्या चिपांवर वाढलेला कोणीही असता तर त्याने हेच केलं असतं. संध्याकाळी तो आला की दाखवू, तो कपाळावर हात मारेल, आपण दोघं मिळून बाईंना सांगू. खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. मी वहिनीसाठी चहासुद्धा टाकला.

मग सहज, ताडून बघावं म्हणून, मी फळीवरचा एक नवा बोर्ड काढला. पुढच्या खेपेचे सहा तयार होते. स्टिकरवर तारखेखाली लाल ठिपका होता. मी वहिनीला मागे विचारलं होतं, हा ठिपका कसला? "असंच, नवा लॉट," ती म्हणाली होती. तारीख होती दुसऱ्या मशीनच्या फोननंतर चौथ्या दिवसाची.

चिप वाचली. मास्क उचल. पत्ता तीनवर लिही.

माझी ओळ. जशीच्या तशी.

चहा उतू गेला तेव्हा मी तिथेच बसले होते. म्हणजे त्याला कळलं होतं. दुसऱ्या मशीननंतरच कळलं होतं. त्याने माझी ओळ गुपचूप परत बसवली, वहिनीने नव्या बोर्डांवर ओळखीसाठी ठिपके दिले, आणि नंतरचे कितीतरी दिवस दोघांनी मला माझ्या निर्दोष कोडमध्ये उंदरासारखं फिरत ठेवलं. भरणीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर दादाने मध्यंतरी "फार हळू चालतोय" म्हणून पुसून नवा केला होता. तोही त्याच आठवड्यात.

संध्याकाळी दोन्ही बोर्ड मी जेवणाच्या टेबलावर ठेवले. दादाने स्टिकरं बघितली आणि त्याला काही विचारावं लागलं नाही.

"मला खरंच वाटलं तू चुकलीयस," तो म्हणाला. "त्या रजिस्टरवर कोणी लिहितं का?"

"नंतर कळलं ना पण?"

"चिपची डेटाशीट वाचली तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो बराच वेळ बोटांनी टेबलावरचे कण गोळा करत राहिला. "लोक काम देतात ते माझं नाव बघून. वीस वर्षांत मी एक ओळ चुकवली नाही असं लोक समजतात. ते गेलं की हे सगळंच गेलं. तुझं काय, तू घरचीच आहेस. तुला आम्ही टाकणार आहोत का?"

"वहिनी, तुला माहीत होतं?"

वहिनी ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत होती. "मी भरणी करते. मला काय कळतंय त्यातलं?"

"ठिपके तू दिलेस."

ती तीच वाटी पुन्हा पुसत राहिली.

"आणि ती सदतीस मशिनं?" मी दादाला म्हणाले. "त्यांच्यात अजून तुझीच ओळ आहे. आज रात्री त्यातलं कुठलंही शिजेल."

"बोलावून घेतली तर कारण सांगावं लागेल. तू सही केलीस की तुझ्या नावावर सगळी परत मागवता येतील. मी त्याचाच विचार करत होतो."

इतक्या शांतपणे म्हणाला तो हे, की क्षणभर मलाच वाटलं, बरोबर बोलतोय.

दुसऱ्या दिवशी अकराला बाई आल्या. पन्नाशीच्या, खुर्चीत टेकायच्या आधीच कामाचं बोलणाऱ्या. कागद टेबलावर, पेन त्याच्यावर. मी पेनाला हात लावला नाही.

"बाई, आधी तुमची सदतीस मशिनं बंद करा. जुन्या बोर्डांमध्ये दिवा उलटा करताना हीटर पुन्हा चालू होऊ शकतो."

त्यांनी दादाकडे बघितलं. "असं आहे?"

"हो," दादा म्हणाला. "तिच्या जुन्या कोडमध्ये तो दोष आहे. नव्यात मी काढलाय. मशिनं परत घ्यायलाच हवीत."

"तो दोष दादाने घातला," मी म्हणाले. दोन्ही चिपांमधल्या सूचना मी छापून आणल्या होत्या. त्या मी बाईंपुढे ठेवल्या. "हे मी लिहिलं होतं, पत्ता तीन. भरताना त्याने हे केलं, पत्ता पाच. मग अंडी शिजल्यावर माझंच परत ठेवलं."

बाईंनी दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरले, लांब धरले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"दोन्ही तिचेच आहेत," दादा हळू आवाजात म्हणाला. "फार ताण घेतलाय तिने. झोप नाही, जेवण नाही. तिला आठवत नाहीये."

बाईंनी कागद खाली ठेवले आणि वहिनीकडे वळल्या. "चिपा तुम्ही भरता ना? तुम्ही सांगा. कोणाचा कोड भरला होता?"

वहिनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं, डोळ्यांत डोळे घालून. मला वाटलं, आता सांगते.

"मला दिली ती फाइल मी भरली," ती म्हणाली. "फाइलवर नाव हिचंच होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मला आयुष्यात कोणी इतकं सपशेल पाडलं नव्हतं.

बाईंनी सहीचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "सही राहू दे. मला कोणाला रडवायचं नाही. पण जिनं बिघडवलं तिनंच उद्या येऊन मशिनं नीट करून द्यायची. दादांना यासाठी मी राबवणार नाही. त्यांनी आधीच खूप केलंय."

दादाने मान खाली घातली. नम्रपणाने, असं बाईंना वाटलं असेल.

मी गेले. नसते गेले तर मशिनं तशीच राहिली असती. बाईंनी ती रात्री बंद ठेवली होती आणि अंडी दुसऱ्या शेडमध्ये हलवली होती. लॅपटॉप आणि प्रोग्रॅमर घेऊन मी एकेका मशीनचं झाकण उघडलं, माझी ओळ असलेला माझा प्रोग्रॅम भरला, आणि इंटरप्टमध्ये दर खेपेला हीटर पुन्हा बंद करायची जास्तीची सूचनाही घातली. दिवा लुकलुकला की पुढचं मशीन. गुडघ्यांवर बसून बसून पाय सोलवटले. सकाळी सुरू केलं, दुपार कलली तेव्हा शेवटचं आलं.

बाई माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि शेजारी उकिडव्या बसल्या. आता त्यांचा आवाज मऊ होता.

"हा दादांनी दुरुस्त केलेलाच भरलास ना?"

मी शेवटच्या झाकणाचा स्क्रू आवळत राहिले. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

"भाऊ फार चांगला आहे गं तुझा," त्या म्हणाल्या. "काल फोन केला होता त्याने. म्हणाला, चुकली असली तरी माझी धाकटी बहीण आहे, तिला फार बोलू नका. असा भाऊ मिळायला नशीब लागतं."

मला तिथेच, त्या मशीनपाशी, हुंदका फुटला. किती आवरलं तरी आवरेना. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटत राहिल्या. त्यांना वाटलं, मला पश्चात्ताप होतोय.